भाजणीच्या पाकिटाचं 'पेटंट' कुठे मिळतं? नाव, चित्र आणि कृती, तिन्ही चोरीला गेलंय

शुभदा_नौपाडा
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि २०१७ पासून थालीपिठाची व चकलीची भाजणी करून विकते. सुरुवात आमच्याच सोसायटीतून झाली. आता जांभळी नाक्याजवळची आणि घोडबंदर रोडवरची काही दुकानं माल ठेवतात. खरं नाव इथे देत नाही. समजा 'चविष्ट भाजणी'. खरं नावही याच धर्तीचं आहे.

पाकिटावर माझ्या आईचं रेखाचित्र आहे. आई जात्यावर बसली आहे आणि मागे मासुंदा तलाव. आई डावखुरी, म्हणून चित्रात जात्याचा खुंटा डाव्या हातात आहे आणि ती उजव्या हाताने धान्याची मूठ घालते आहे. गेल्या महिन्यात बहिणीकडे डोंबिवलीला गेले होते, तिथल्या दुकानात एक पाकीट दिसलं. नाव 'चविष्ठ भाजणी'. ट चा ठ केलाय. तलाव काढून मागे शेत घातलंय, साडीचा रंग बदललाय, पण बाई डाव्या हातानेच दळते आहे! पाकिटामागे थालीपीठ कसं लावायचं ते आम्ही छापतो, तो मजकूरही तोच. छापखान्यात आमच्या 'तिखट'चं 'तीखट' झालं होतं, त्यांच्याकडेही 'तीखट'च आहे.

मला या सगळ्याचं पेटंट घ्यायचं आहे. भाऊ म्हणतो कॉपीराइट घे, दुकानदार म्हणतात ट्रेडमार्क. तिन्हीत फरक काय आणि मला नेमकं काय लागेल? खर्च साधारण किती? कृती आईची आहे, ती कुणी अशी उचलावी हे सहन होत नाही.

खारेगावची_खाडी
'तीखट' वाचून त्यांना ठसकाही लागला नाही म्हणजे कमाल आहे. शुभदाताई, पाकीट विकत घेतलंत ना? बिलासकट?

शुभदा_नौपाडा
हो, दोन पाकिटं घेतली. बिल हाताने लिहिलेलं आहे पण तारीख आहे.

सगळं_सोपंय
ताई, काळजी नको. तुमचं उद्यम आणि फूड लायसन्स त्या नावावर असेल तर नाव तुमचंच झालं. पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि न उघडता ठेवून द्या, तोच कॉपीराइट. कृतीचं पेटंटही मिळतं. अमेरिकेने आपल्या हळदीचं घेतलं होतं, मग भाजणीचं का नाही? फक्त एक, समोरच्याने २० टक्के बदल केला असेल तर कायदा काही करू शकत नाही.

एजंट_काका
शुभदाताई, मी ट्रेडमार्कचं काम करत असे, आता निवृत्त आहे. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात निम्मं आयुष्य गेलं. पाकीट डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतो.

पेटंट आधी बाजूला काढा, तुमच्या पाकिटात पेटंटजोगं काही नाही. पेटंट नव्या शोधाला मिळतं. एखादं यंत्र, एखादी प्रक्रिया, एखादं औषध. ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं आणि मग सगळ्यांचं होतं. भाजणी घराघरात पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्या पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. नुसतं मिश्रणही चालत नाही, म्हणजे चार घटक एकत्र केले आणि प्रत्येकाने आपापलाच गुण दाखवला, तर तो शोध धरत नाहीत.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला जे नाव आहे तो ट्रेडमार्कचा विषय. गिऱ्हाईक ज्या खुणेवरून 'हा माल अमक्याचा' असं ओळखतं ती खूण. ही १० वर्षांसाठी नोंदते आणि दर १० वर्षांनी फी भरत राहिलात तर नातवंडांपर्यंत चालते.

आईचं चित्र आणि मागचा मजकूर हा कॉपीराइटचा विषय. चित्र काढलं, मजकूर लिहिला, त्याच क्षणी तो हक्क जन्माला आला. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो चित्रकार किंवा लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण एक लक्षात घ्या, कॉपीराइट तुमच्या वाक्यांवर आहे, कृतीवर नाही. डाळी, धणे, प्रमाण ही माहिती कुणीही स्वतःच्या शब्दांत छापू शकतो. कृती राखायची असेल तर ती कुणाला न सांगणं हाच उपाय. कोणतं धान्य किती भाजायचं हे कामाला येणाऱ्या बाईला कळू न देता काम वाटून द्या.

'सगळं सोपंय' यांच्याबद्दल: उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स यांतलं काहीही नावाचा हक्क देत नाही. तुम्ही त्या तारखेला त्या नावाने धंदा करत होतात याचा पुरावा म्हणून मात्र ते उपयोगी पडतात, तेव्हा जपून ठेवा. बंद पाकिटाचंही तेच, त्याने हक्क तयार होत नाही, फार तर तारीख दिसते, आणि तारखेसाठी छापखान्याचं बिल त्याहून भक्कम.

विवेक_कोपरखैरणे
माझं थोडं वेगळं आहे. मी दहावीचे क्लास घेतो. माझ्या भूमितीच्या नोट्स मुलं दुसऱ्या क्लासला देतात आणि ते झेरॉक्स काढून आपल्या नावाने वाटतात. मी क्लासच्या नावाचा ट्रेडमार्क घेतला तर नोट्स वाचतील का?

एजंट_काका
नाही विवेकसर. ट्रेडमार्कने क्लासचं नाव वाचेल. नोट्सवर कॉपीराइट आहे आणि तो आत्ताच तुमचा आहे. प्रमेय कुणाचंच नाही, पण तुम्ही ते ज्या पायऱ्यांनी, ज्या आकृत्यांनी समजावलंत ती मांडणी तुमची. प्रत्येक पानावर नाव आणि साल छापा. आकृतीत एखादं तुमचं खास अक्षर वापरत असाल तर तेही तसंच राहू द्या. शुभदाताईंच्या 'तीखट'सारखं ते नक्कल ओळखायला कामी येतं.

रबाळे_वर्कशॉप
पेटंटचं मी सांगतो, कारण मी त्यातून जातोय. रबाळे एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. चकलीचा सोऱ्या केला. दाब सोडला तरी दट्ट्या मागे फिरत नाही, आत एक खिट्टी आहे, त्यामुळे एका हाताने चकली पडते. ती खिट्टी आणि तिची मांडणी, एवढ्यालाच पेटंट मागितलंय, सोऱ्याला नाही. सोऱ्या आजीच्या काळापासून आहे.

आधी तात्पुरता अर्ज केला. वैयक्तिक अर्जदाराला त्याची सरकारी फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. तिथून १२ महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायचा. खरा खर्च हा तपशील लिहून देणाऱ्याचा, तो सरकारी फीच्या कित्येक पट होतो. १८ महिन्यांनी अर्ज सगळ्यांना वाचायला खुला होतो. मग तपासणी अधिकाऱ्याचा अहवाल आला. त्याने सांध्यात लुगदी भरायच्या पिचकारीचं एक जुनं परदेशी पेटंट काढून दाखवलं, त्यातही तशीच खिट्टी! त्यामुळे माझा दावा आक्रसून घ्यावा लागला. आता मागणी फक्त खिट्टी पीठ अडकू न देता कशी सुटते एवढ्यापुरती आहे. मंजुरी अजून बाकी आहे.

सांगायचं कारण असं की वाशीच्या प्रदर्शनात मांडायच्या आधी मी अर्ज दाखल केला होता. माझ्या शेजारच्या गाळ्यातल्याने आपल्या यंत्राचा व्हिडिओ आधी टाकला, महिनाभराने अर्ज केला, आणि त्याचाच व्हिडिओ त्याच्या अर्जाविरुद्ध उभा राहिला. जगाला दाखवलेली गोष्ट नवी राहत नाही.

खारेगावची_खाडी
म्हणजे एका सोऱ्यात तिन्ही आले की. खिट्टीला पेटंट, सोऱ्याच्या नावाला ट्रेडमार्क, सोबतच्या माहितीपत्रकाला कॉपीराइट. आणि चकली तुटली तर ती मात्र आपली!

रबाळे_वर्कशॉप
बरोबर. त्यात चौथंही आहे, दिसण्याचं. माझ्या सोऱ्याची मूठ कमळासारखी आहे. ती नुसती दिसायला वेगळी आहे, काम काही वेगळं करत नाही, म्हणून तिची डिझाइन म्हणून वेगळी नोंदणी केली. ती आधी १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येते.

सगळं_सोपंय
हळदीचं पेटंट मिळालं होतं हे मी खोटं सांगितलेलं नाही.

मीनल_वर्तकनगर
मिळालं होतं, पण टिकलं नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि ३२ जुने संदर्भ पुढे ठेवले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ चा आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. भाजणीचं कुणी मिळवलंच तर महाराष्ट्रातली कोणतीही जुनी पाककृतीची वही ते पाडू शकेल. तेव्हा ताईंना ते मिळणार नाही, तसंच त्या डोंबिवलीवाल्यालाही मिळणार नाही, हेही बरंच आहे.

हापूसप्रेमी_वाशी
नावावरून आठवलं. एपीएमसीत मे महिन्यात कर्नाटकचा आंबा 'हापूस' म्हणून पेटीत बसतो. तिथे ट्रेडमार्क कुणाचा?

एजंट_काका
कुणा एकाचा नाही, तो भौगोलिक निर्देशनाचा विषय. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. नाव त्या मातीतल्या सगळ्या बागायतदारांचं आहे. यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

शुभदाताईंच्या नावाकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. 'चविष्ट' हा शब्द मालाची स्तुती करतो आणि 'भाजणी' हे तर मालाचंच नाव. असे शब्द एकाच व्यापाऱ्याच्या ताब्यात द्यायला कायदा नाखूश असतो, कारण उद्या दुसऱ्याला आपली भाजणी चविष्ट आहे हे म्हणताच येणार नाही. इन्स्टंट नूडल्सच्या दोन बड्या कंपन्यांत 'मॅजिक मसाला' यावरून वर्षानुवर्षं खटला चालला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की हे कौतुकाचे, धंद्यात सर्रास वापरायचे शब्द आहेत, त्यावर मक्तेदारी नाही. तिथे कोट्यवधींची जाहिरात होती, तरीही.

तुमचं नाव इतकी वर्षं वापरून लोकांच्या तोंडी बसलं असेल तर नोंदणीला दार थोडं उघडतं, पण ते सिद्ध करणं जड जातं. म्हणून नाव, चित्र, रंग असं अख्खं लेबल एकच खूण म्हणून नोंदवा. वर्ग ३०, त्यात पिठं, मसाले येतात. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, व्यक्तीला किंवा उद्यमवाल्या छोट्या धंद्याला. बाकीच्यांना ९,०००. अर्ज गेला की नावापुढे 'टीएम' लिहा. गोलातला आर मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच, त्याआधी लावायला कायद्याने मनाई आहे.

शुभदा_नौपाडा
काका, म्हणजे 'चविष्ठ' म्हणून कुणीही विकू शकतो? मग माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीला काय अर्थ? दुकानदार सांगतात, गिऱ्हाईक 'ती जात्यावाल्या बाईची द्या' असं म्हणून मागतं.

एजंट_काका
तुम्ही आत्ता लिहिलंत ते वाक्य सोन्याचं आहे. गिऱ्हाईक शब्दाने नव्हे, चित्राने ओळखतं. तुमची ताकद 'चविष्ट'मध्ये नाही, जात्यावरच्या आईत आहे. त्या दुकानदारांकडून हेच लेखी घ्या, सही-शिक्क्यानिशी.

आणि तो २० टक्क्यांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही. पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत नाहीत. साध्या गिऱ्हाइकाला, ज्याच्या डोक्यात पहिल्या पाकिटाची अर्धवट आठवण आहे, त्याला घोटाळा होईल का, हे बघतात. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' आली होती. 'अमृत' आणि 'लक्ष्मण' यांचे अर्थ वेगळे, हे मान्य करूनही न्यायालयाने म्हटलं की नाव एकूण कानाला कसं लागतं आणि औषध कशासाठी घेतात ते पाहिलं तर गफलत होऊ शकते. चित्राच्या नकलेतही असंच. तलावाच्या जागी शेत आलं म्हणून चित्र नवं होत नाही. डावखुरी बाई आणि 'तीखट' योगायोगाने दोनदा जुळत नाहीत.

माधुरी_रेखाटने
मी चित्रकार आहे, ऐरोलीत राहते, लेबलं करते. मला एक विचारायचंय आणि ते कुणीच विचारलं नाही. ते चित्र काढलं कुणी?

शुभदा_नौपाडा
माझ्या मैत्रिणीच्या मुलीने. तेव्हा ती जे. जे. मध्ये शिकत होती. आईला समोर बसवून काढलं. मी तिला ३,००० रुपये आणि साडी दिली. लेखी काही नाही. पैसे दिले म्हणजे चित्र माझं ना?

माधुरी_रेखाटने
कागद तुमचा. चित्राचा कॉपीराइट बहुधा अजून तिचा. आमच्याकडे लोक लोगो करून घेतात, एकदा पैसे देतात आणि समजतात सगळं आलं. पगारी नोकराने नोकरीत काढलं असतं तर मालकाचं झालं असतं. बाहेरच्या चित्रकाराकडून हक्क लेखी आणि सहीनेच मिळतो. हे आम्हा चित्रकारांसाठी चांगलं आहे आणि ते तसंच असावं असं मला मनापासून वाटतं.

विवेक_कोपरखैरणे
हे अन्यायाचं वाटतं. आई यांची, पैसे यांचे, धंदा यांचा, आणि हक्क मुलीचा?

मीनल_वर्तकनगर
विवेकसर, तेवढंही सरळ नाही. कायद्यात एक अपवाद आहे. मोबदला देऊन फोटो, पेंटिंग किंवा कुणाचं व्यक्तिचित्र करून घेतलं, तर पहिला मालक करून घेणारा असतो. हे ताईंच्या आईचं, तिला समोर बसवून काढलेलं चित्र आहे. मग ते व्यक्तिचित्रच नाही का?

एजंट_काका
मीनलताई, मुद्दा जोरदार आहे. पण समोरचा वकील म्हणेल की हे लेबलासाठी काढलेलं रेखाटन आहे, व्यक्तिचित्र नव्हे, आणि रेखाटनाचा उल्लेख त्या अपवादात नाही. निकाल कुठे जाईल ते छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून त्या वादावर धंदा टांगून ठेवू नका, मुलीकडून हस्तांतरणाचा करार लिहून घ्या.

त्यात चित्र कोणतं ते जोडपत्रात लावा. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला काय, हे लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, म्हणजे उद्या तुमची भाजणी दुबईला गेली तर चित्र मागे राहील. 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' असं स्पष्ट लिहा. तिच्या नावाचा मान मात्र तिच्याकडेच राहतो, तो विकता येत नाही. स्टॅम्प ड्युटीचं वकिलाकडून बघून घ्या.

माधुरी_रेखाटने
आणि कृपा करून तिला योग्य मोबदला द्या. आता धंदा मोठा आहे.

शुभदा_नौपाडा
देणार. ती आता पुण्यात आहे, रात्रीच फोन करते.

सगळं_सोपंय
एवढं करण्यापेक्षा डोंबिवलीच्या पोलीस स्टेशनला तक्रार द्या. कॉपीराइट चोरी हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एजंट_काका
हे तुमचं बरोबर आहे, मुद्दाम नक्कल करणं गुन्हाच आहे. पण ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारेल, 'चित्र तुमचं कशावरून?' करार हातात असला तर तुम्ही उत्तर द्याल. माझा अनुभव असा की आधी वकिलाची नोटीस गेली तर बरेच जण पाकीट बदलतात. काहींना वाटतं की नोटिशीने समोरचा सावध होतो आणि माल लपवतो, तेव्हा थेट कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागावा. दोन्ही बाजूंचे चांगले वकील मी पाहिलेत. दावा लावायची वेळ आलीच तर कॉपीराइटचा दावा तुम्ही जिथे धंदा करता तिथे, म्हणजे ठाण्यात लावू शकता.

तोपर्यंत एक काम आज करा. ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध आहे. वर्ग ३० घालून तुमचं नाव शोधा, उच्चारावरून शोधायचा पर्यायही वापरा. त्या माणसाने अर्ज केलाय का ते बघा.

शुभदा_नौपाडा
काका, बघितलं. हात थरथरतायत. त्याने चार महिन्यांपूर्वी अर्ज केलाय. अख्ख्या लेबलाचा, आईच्या चित्रासकट. स्थिती `Formalities Chk Pass` दिसतेय आणि वापराच्या रकान्यात `Proposed to be used` आहे. आता संपलं का सगळं? मी लगेच चित्राच्या कॉपीराइटची नोंदणी करून टाकू का, म्हणजे त्याचा अर्ज पडेल?

खारेगावची_खाडी
ताई, आधी पाणी प्या. काका येतीलच.

एजंट_काका
काही संपलेलं नाही, उलट त्याने स्वतःच लिहून दिलंय की अर्जाच्या दिवशी तो हे लेबल वापरतही नव्हता. तुम्ही २०१७ पासून वापरताय. आपल्याकडे आधी नोंदवणाऱ्यापेक्षा आधी वापरणाऱ्याचं पारडं जड असतं.

कॉपीराइट नोंदणीचं मात्र आत्ता अडेल. मालावर वापरायचं चित्र नोंदवायचं तर फी २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखला लागतो, की असं चिन्ह दुसऱ्या कुणी नोंदवलेलं नाही आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाचा अर्जही नाही. त्याचा अर्ज तिथे बसलाय, म्हणून तो दाखला मिळायला अडचण येणार. पण नोंदणी नसली तरी हक्क आहेच, हे सुरुवातीला म्हटलं ते इथे कामाला येतं.

आता पुढचा क्रम समजून घ्या. त्याच्या अर्जाची तपासणी होईल. तपासणी अधिकारी नोंदवहीत आधीपासून असलेल्या खुणांशी तुलना करतो. तुमचं लेबल नोंदवहीत नाही, त्यामुळे त्याला ते दिसणारच नाही. कदाचित 'चविष्ठ' या शब्दावर तो हरकत घेईल, पण लेबल आहे म्हणून पुढे सोडेलही. मग ते ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जाईल. जर्नल दर सोमवारी निघतं. स्थिती `Accepted & Advertised` झाली की घड्याळ सुरू. त्या तारखेपासून ४ महिन्यांत विरोध नोंदवायचा. ऑनलाइन फी वर्गाला २,७०० रुपये. ही मुदत एक दिवसही वाढत नाही.

विरोधात दोन गोष्टी म्हणायच्या. हे लेबल वापरून तो आपला माल माझा म्हणून खपवतोय, आणि हे चित्र वापरणं कॉपीराइट कायद्याने रोखता येतं. दुसऱ्या मुद्द्यावरही ट्रेडमार्क नाकारता येतो, असं ट्रेडमार्क कायद्यातच आहे. मात्र ही दोन्ही कारणं कुणीतरी विरोध नोंदवून मांडली तरच विचारात घेतात, अधिकारी आपणहून बघत नाही. म्हणून दर सोमवारी स्थिती बघायची, चुकवायची नाही. आणि तुमचा स्वतःचा लेबलाचा अर्ज याच आठवड्यात टाका, वापर २०१७ पासून असं शपथपत्र आणि बिलं जोडून. त्याचा अर्ज तुमच्या आड दाखवला जाईल, जाऊ द्या, उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात.

रबाळे_वर्कशॉप
बिलांवर नाव आहे ना ताई? नुसतं 'भाजणी ५ किलो' असेल तर उपयोग नाही.

शुभदा_नौपाडा
सुरुवातीच्या बिलांवर नुसतं 'भाजणी'च आहे. पण छापखान्याचं बिल आहे, त्यावर 'चविष्ट भाजणी लेबल, १००० नग' असं आणि तारीख आहे. मुलीने चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं ते फोनमध्ये आहे. फूड रजिस्ट्रेशनही आहे.

एजंट_काका
छापखान्याचं बिल हाच तुमचा पहिला पुरावा. तो जुना कागद आहे, आजच स्कॅन करा, शाई उडते. मुलीकडे पेन्सिलचे कच्चे कागद असतील तर तेही मागा. ज्याच्याकडे कच्चं काम आहे, मूळ चित्र त्याचं, हे कुणालाही पटतं.

हापूसप्रेमी_वाशी
एक सुचवू का? नावच बदला. एखादं बनवलेलं, कशाचंच वर्णन न करणारं नाव घ्या आणि तेच मोठं करा.

शुभदा_नौपाडा
नाव बदलणार नाही. आईने ठेवलंय.

मीनल_वर्तकनगर
बदलू नका, पण जोडता येईल. 'चविष्ट' तसंच ठेवून वर एक वेगळा, फक्त तुमचाच शब्द लहान अक्षरांत सुरू करा. चार-पाच वर्षांत तो शब्दही लोकांच्या तोंडी बसेल आणि तो नोंदवायला सोपा जाईल.

एजंट_काका
मीनलताईंशी सहमत. अख्खं लेबल नोंदलं तरी त्यातला 'चविष्ट' हा सुटा शब्द तुमचा होत नाही, हे कायद्यातच आहे. उद्या कुणी वेगळ्या चित्रासह 'चविष्ट' लिहिलं तर तुम्हाला फार काही करता येणार नाही.

शुभदा_नौपाडा
मुलीशी बोलणं झालं. ती रविवारी ठाण्याला येते, कच्चे कागद आहेत तिच्याकडे, एका कागदावर तर तिने 'काकू डावखुऱ्या, खुंटा बदलणे' असं पेन्सिलने लिहून ठेवलंय! तिने मोबदला सांगितला, मी मान्य केला, आणि प्रत्येक पाकिटावर चित्रकार म्हणून तिचं नाव बारीक अक्षरात छापायचं ठरलं. पाचपाखाडीतल्या एका वकीलबाईंची वेळ घेतली आहे.

माधुरी_रेखाटने
तो पेन्सिलचा कागद लॅमिनेट करू नका. तसाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कोर्टात मूळ कागद बघतात.

विवेक_कोपरखैरणे
काका, माझ्या नोट्समधल्या आकृत्या एका विद्यार्थिनीने काढून दिल्या होत्या. म्हणजे मलाही तो करार लागणार का?

एजंट_काका
मजकूर तुमचा, आकृत्या तिच्या. ती अठरा वर्षांची झाली आहे का, ते आधी सांगा. नसेल तर तिच्या पालकांना घेऊन वकिलाकडे जावं लागेल.